अनोळखी संस्थेला मेल लिहिताना व्हिडिओची किंवा आवाजाची लिंक: कधी द्यावी, आणि मेलमध्ये तिच्याबद्दल काय लिहावं?

कीबोर्डवाली

गेले सहा महिने मी एक काम स्वतःहून करते आहे. संस्थांच्या आणि ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवरचे अर्ज माउसला हात न लावता, फक्त कीबोर्डने भरून पाहते. जिथे अडतं तिथे संस्थेला मेल करून कळवते. ओळखपाळख काही नसते, संपर्काच्या पानावरचा पत्ता तेवढा हाताशी असतो. पैसे मागत नाही, काही विकायचंही नाही.

सुरुवातीला नुसतं लिहून कळवायचे. २५ मेल गेल्या, ६ उत्तरं आली. मग वाटलं, अडचण डोळ्यांनी दिसली तर लोकांना चटकन पटेल. म्हणून प्रत्येकाच्या अर्जाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करून लिंक द्यायला लागले. अशा ४० मेल गेल्या आणि उत्तरं आली फक्त ३. मेहनत तिप्पट झाली आणि प्रतिसाद घटला.

मेलचा मजकूर साधारण असा होता: "नमस्कार, तुमच्या संकेतस्थळावर काही अडचणी आढळल्या. त्या समजाव्यात म्हणून मी तुमच्यासाठी एक छोटा व्हिडिओ केला आहे. कृपया इथे क्लिक करून पाहा."

विचित्र भाग असा की, लिंक दाबल्याची नोंद ४० पैकी ११ ठिकाणी दिसते. म्हणजे लोक पाहतात आणि तरी उत्तर देत नाहीत? व्हिडिओचा उपयोग कधी होतो, कधी होत नाही, आणि मेलमध्ये त्याच्याबद्दल काय लिहावं, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे. नुसता आवाज पाठवून कुणाला फायदा झाला असेल तर तेही सांगा.

गवाक्ष

सरळ आहे. मेलमध्ये लिंक असली की ती स्पॅममध्ये जाते. व्हिडिओची फाइलच मेलला जोडून पाठव, प्रश्न मिटला.

रानजाई

वाचतेय. मलाही असंच एक काम सुरू करायचं आहे.

टपालवाला

गवाक्ष, निम्मं बरोबर आहे. मी मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एखादी लिंक आहे एवढ्यावरून मेल सहसा अडवली जात नाही. संशय वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. `bit.ly` सारखी आखूड केलेली लिंक, जिचं खरं ठिकाण दिसत नाही. दिसणारा पत्ता एक आणि आत दडलेला दुसरा, जे दाबल्याची नोंद ठेवणाऱ्या साधनांमुळे होतं. आणि एकच मजकूर थोड्या वेळात अनेकांना जाणं. कीबोर्डवाली, तुझ्याकडे दाबल्याची नोंद आहे म्हणजे तुझी लिंक बहुधा अशा मधल्या पत्त्यावरून वळून जाते. पहिल्यांदा ते बंद कर. नोंदीपेक्षा स्वच्छ लिंक मोलाची.

फाइल जोडणं तर त्याहून वाईट. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि बऱ्याच संस्थांच्या सर्व्हरवर ती याहून कमी ठेवलेली असते. शिवाय मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २० एमबीचा व्हिडिओसुद्धा परत येऊ शकतो. अनोळखी माणसाकडून आलेली जोडफाइल उघडू नये, असं आपणच कर्मचाऱ्यांना शिकवतो, हे वेगळंच.

आता ते ११ जण. वेळा बघ. मेल पोहोचल्यापासून पहिल्या मिनिट-दीड मिनिटात लिंक दाबली गेली असेल तर ते माणसाचं बोट असण्याची शक्यता कमी. अनेक संस्थांकडे येणाऱ्या मेलमधल्या लिंका आधी यंत्र उघडून तपासतं. तीही भेट तुझ्या नोंदीत मोजली जाते.

कीबोर्डवाली

टपालवाला, आत्ता पाहिलं. ११ पैकी ८ नोंदी पहिल्या मिनिटाच्या आतल्या आहेत. म्हणजे मी यंत्रांना प्रेक्षक समजत होते.

विसर्ग

मेल उघडल्या उघडल्या व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा असं हवं आहे ना? त्यासाठी मेलच्या एचटीएमएलमध्ये व्हिडिओ टॅग टाकायचा. मी आमच्या मंडळाच्या वार्तापत्रात करून पाहिलं होतं, माझ्या फोनवर मस्त चालला.

टपालवाला

विसर्ग, प्रश्न तो नाही, पण सांगतो. ॲपलच्या मेलमध्ये तसं चालतं, म्हणून तुला दिसलं. जीमेलमध्ये चालत नाही. तिथे फार तर एक स्थिर चित्र दिसेल, तेही समोरच्याने चित्रं बंद ठेवली नसतील तर. वार्तापत्र लोकांनी मागितलेलं असतं. इथे पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा साधा मजकूरच बरा.

सदाफुली

मी पलीकडच्या बाजूने बोलते. एका वाचनालयाची मेल मी आठवड्यातून दोनदा पाहते, स्वयंसेवक म्हणून. तुझ्यासारखी मेल मला आली असती तर मी ती उघडली असती, वाचली असती आणि लिंक न दाबता पुढे गेले असते.

कारण सांगते. "तुमच्या संकेतस्थळावर अडचणी आढळल्या" हे वाक्य मला जवळजवळ दर आठवड्याला येतं, आणि त्यामागे नेहमी कुणीतरी सेवा विकत असतं. तुझ्या मेलमध्ये माझ्या वाचनालयाबद्दलचा एकही शब्द नाही. कुठलं पान, कुठला अर्ज, काय होत नाही, काहीच नाही. सगळं व्हिडिओत ठेवलंस आणि मेल रिकामी राहिली. "तुमच्यासाठी व्हिडिओ केला आहे, इथे क्लिक करा" हे वाक्य तर फसवणुकीच्या मेलमध्ये जसंच्या तसं शोभेल. तुझा हेतू चांगला आहे हे मला आज इथे कळतंय, मेलवरून कळलं नसतं.

तुझ्या आधीच्या २५ मेलना ६ उत्तरं आली, कारण तेव्हा तुला लिहावंच लागत होतं.

गवाक्ष

हे पटलं. फाइल जोडण्याचा सल्ला मागे घेतो.

मुक्काम_पोस्ट

मी त्या व्हिडिओच्या तिसऱ्या टोकाला असतो. संस्थेला आलेली तक्रार शेवटी माझ्याकडे ढकलली जाते आणि दुरुस्ती मी करतो. म्हणून उलट बाजूने, व्हिडिओचा उपयोग नक्की कुठे होतो ते सांगतो.

समजा तुला तीन दोष सापडले. पहिला, फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर. याला व्हिडिओ कशाला? पानाचा पत्ता, रंगांचे कोड आणि "कॉन्ट्रास्टचं प्रमाण ४.५ : १ पेक्षा कमी आहे" एवढं एका ओळीत लिही, मी पाच मिनिटांत दुरुस्त करतो. व्हिडिओ दिलास तर त्यातून रंगाचा कोड मला मिळणारच नाही.

दुसरा, अर्जातल्या तारखेच्या चौकटीत कीबोर्डने शिरल्यावर बाहेर पडता येत नाही. टॅब दाबत राहिलं तरी फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे आहे ती जागा, त्याच कॅलेंडरमध्ये घिरट्या घालतो. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुलभतेच्या नियमावलीत यासाठी २.१.२ हा निकष आहे, अगदी पहिल्या पातळीचा. हे कितीही नीट लिहिलं तरी मला असं उत्तर आलेलं आहे: "आमच्याकडे तर अर्ज व्यवस्थित भरला जातो." कारण ते माउसने भरतात. इथे व्हिडिओ लागतोच. क्रम आणि हालचाल हीच अडचण असते, आणि ती एका चित्रात मावत नाही.

तिसरा, चिन्हांची बटणं, ज्यांना नाव दिलेलं नाही. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. एनव्हीडीएसारखा, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावला की तो नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणतो. याचा व्हिडिओ करून काय दिसणार? इथे १५ सेकंदांचा आवाज पाठव. संस्थेच्या माणसाने तो एकदा ऐकला की पुढे काही समजावावं लागत नाही.

माझा नियम एवढाच: जे बघून किंवा ऐकूनच कळतं, त्यालाच लिंक. बाकीचं लिहून.

आणि कीबोर्डच्या व्हिडिओतली नेहमीची चूक. तू टॅब दाबतेस हे तुला माहीत असतं. बघणाऱ्याला काय दिसतं? न हलणारा पडदा. दाबलेली की पडद्यावर उमटवणारी साधनं मिळतात, ती वापर. फोकसची चौकट फिकट असेल तर पान मोठं करून घे. मला असे दोन व्हिडिओ आले आहेत ज्यांत खरंच काहीच घडताना दिसत नव्हतं, आणि पाठवणाऱ्याला वाटत होतं पुरावा दिला.

कीबोर्डवाली

मुक्काम_पोस्ट, माझ्या व्हिडिओत की दिसत नाहीत. चाळीसही व्हिडिओत नाहीत. आणि सुरुवातीची ३५-४० सेकंदं मी कोण, हे काम का करते, असं बोलण्यात जातात.

मुक्काम_पोस्ट

ते बोलणं मेलमध्ये एका ओळीत मावतं. व्हिडिओ अडचणीपासूनच सुरू कर. माझ्याकडे जो येतो तो बहुतेक वेळा मेलशिवाय, नुसती लिंक म्हणून पुढे ढकललेला असतो. म्हणून पहिल्याच दृश्यात पानाचा पत्ता स्पष्ट दिसू दे.

कानसेन

माझा अनुभव वेगळ्या कामाचा आहे, तरी सांगतो. मी लोकांच्या पॉडकास्टवर पाहुणा म्हणून बोलायला जातो. कार्यक्रम चालवणाऱ्याला पहिल्या मेलमध्येच ४० सेकंदांच्या आवाजाची लिंक देतो, आणि मला त्याचा खूप फायदा झाला आहे. कारण त्याला प्रश्न एकच असतो: हा माणूस माइकवर कसा वाटतो? ते लिहून कळत नाही. तेव्हा आवाज पाठवाच, आपुलकी वाटते.

अबोली

कानसेन, तुमच्या कामात आवाज हाच माल आहे, म्हणून तिथे चालला. त्यावरून "आवाज पाठवाच" हे निघत नाही.

मला ऐकू कमी येतं. कुणी "सगळं आवाजात सांगितलं आहे, ऐका" असं लिहून लिंक पाठवतं तेव्हा मला ती मेल दुसऱ्या कुणाकडे तरी न्यावी लागते. ज्याला ऐकू येतं त्यालाही आवाजावरून नजर फिरवता येत नाही. ४० सेकंदांतली कामाची १० कुठे आहेत, ते सगळं ऐकल्याशिवाय कळत नाही. कीबोर्डवाली, तुझं तर सगळं काम सुलभतेचं आहे. तेव्हा आवाजाची लिंक दिलीस तर त्यात काय ऐकू येतं ते शब्दशः लिंकच्या खाली लिही. आणि "इथे क्लिक करा" ही लिंक स्क्रीन रीडरवर नुसती तेवढीच ऐकू येते. कशाची लिंक, हे त्या शब्दांतच असायला हवं.

कानसेन

मान्य. मजकूर खाली देण्याचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मात्र एक उपयोगी गोष्ट: व्हॉट्सॲपमधून काढलेला आवाज `.opus` फाइल म्हणून येतो आणि काहींच्या संगणकावर तो उघडत नाही. मी `mp3` करून चढवतो. तेव्हापासून "वाजत नाहीये" अशी उत्तरं थांबली.

मुक्काम_पोस्ट

स्क्रीन रीडरचा आवाज मुद्रित करताना त्याची गती कमी करा. रोज वापरणारे तो इतक्या वेगाने ठेवतात की नवख्याला एकही शब्द कळत नाही.

कीबोर्डवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून एक मेल नव्याने लिहिली. व्हिडिओही पुन्हा केला. कॅलेंडरमध्ये अडकणाऱ्या अर्जाचीच ही मेल आहे. निर्दयपणे तपासा.

*विषय: सभासद नोंदणीचा अर्ज कीबोर्डने पूर्ण करता येत नाही*

*नमस्कार,*

*तुमच्या सभासद नोंदणीच्या अर्जात "जन्मतारीख" या चौकटीत कीबोर्डने गेल्यावर बाहेर पडता येत नाही. टॅब आणि एस्केप दोन्ही दाबून पाहिल्या. त्यामुळे जे माउस वापरू शकत नाहीत त्यांना पुढचे रकाने भरता येत नाहीत आणि अर्ज पाठवता येत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत असंच होतं.*

*स्वतः पाहायचं असेल तर: अर्जाचं पान उघडा, "नाव" या रकान्यात क्लिक करा आणि मग फक्त टॅब दाबत राहा.*

*हेच घडताना दाखवणारा व्हिडिओ खाली आहे. लांबी ३८ सेकंद, आवाज नाही, लॉगिन लागत नाही. दाबलेली की कोपऱ्यात दिसते, १४व्या सेकंदाला फोकस अडकतो. व्हिडिओ न पाहताही वरच्या मजकुरावरून दुरुस्ती करता येईल. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना पाठवायला तो सोयीचा पडेल.*

*मी अशा चाचण्या हौसेने करते, यात विक्री काही नाही.*

त्याखाली पूर्ण लिंक, काही न लपवता.

सदाफुली

या मेलला मी उत्तर दिलं असतं. "स्वतः पाहायचं असेल तर" हा परिच्छेद सगळ्यात चांगला. लिंकवर विश्वास नसला तरी मी माझ्याच पानावर जाऊन अर्ध्या मिनिटात खात्री करू शकते. आणि एकदा खात्री झाली की लिंकही उघडेन.

एक सुचवते. "यात विक्री काही नाही" ही ओळ वर घे, पहिल्या वाक्यानंतर लगेच. माझ्या मनात तो संशय वाचता वाचताच येतो, शेवटापर्यंत थांबत नाही.

अबोली

लांबी, आवाज आहे की नाही, लॉगिन लागतं की नाही, कुठल्या सेकंदाला काय दिसतं. या चार गोष्टी वाचून उघडायचं की नाही हे मला ठरवता येतं. "आवाज नाही" हे दोन शब्द माझ्यासाठी फार मोठे आहेत.

टपालवाला

मला थोडं वेगळं वाटतं. पहिल्या मेलमध्ये लिंक नकोच. मजकूर हाच ठेव आणि शेवटी लिही, "३८ सेकंदांचा व्हिडिओ तयार आहे, हवा असल्यास कळवा, पाठवते." समोरच्याने "पाठवा" म्हटलं की संभाषण सुरू झालं. मग तुझी लिंक अनोळखी राहत नाही, माणसाला नाही आणि गाळणीलाही नाही.

सदाफुली

टपालवाला, मी आठवड्यातून दोनदा मेल पाहते. "पाठवा" म्हणायला तीन दिवस, तुमची लिंक यायला एक, ती मी पाहायला अजून तीन. तोवर मी विषय विसरलेली असते. मला सगळं एकाच मेलमध्ये हवं, म्हणजे एकदाच पुढे ढकलता येतं.

मुक्काम_पोस्ट

माझ्याकडे पोहोचायचं तर लिंक आधीच असलेली बरी. पण मोठ्या संस्थांत टपालवाला म्हणतात तसं होतं हेही खरं आहे. तिथे बाहेरची लिंक माझ्यापर्यंत येताना कधी कधी गाळली जाते. छोट्या संस्थेला लिंकसकट, मोठीला विचारून, असं कर.

टपालवाला

संस्था छोटी की मोठी हे संपर्काच्या पानावरून कळेलच असं नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे, पण करून बघायला हरकत नाही. फक्त निम्म्या-निम्म्या मेल पाठवून मोजायचं असेल तर लिंक दाबल्या किती हे मोजू नकोस, उत्तरं मोज.

विसर्ग

एक शंका. व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर चालेल का? सगळ्यांकडे उघडतो.

मुक्काम_पोस्ट

उघडतो, पण आधी जाहिरात लागू शकते आणि संपल्यावर भलतेच व्हिडिओ पुढे येतात. ठेवायचाच तर `Unlisted` ठेव. दुसऱ्याच्या संकेतस्थळातला दोष जगासमोर मांडून मग त्यालाच मेल करणं बरं दिसत नाही. आणि व्हिडिओ करताना अर्जात खरी माहिती भरू नका, ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद करा. एकाच्या व्हिडिओत मला त्याच्या मेलच्या सूचना येताना वाचता येत होत्या.

रानजाई

लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून पाहता ना? मी एकदा नोकरीसाठी कामाचे नमुने पाठवले होते, आणि महिनाभराने कळलं की ते माझ्याशिवाय कुणालाच उघडत नव्हते.

कीबोर्डवाली

रानजाई, तुझा प्रतिसाद वाचला आणि लगेच जुन्या सगळ्या लिंका खाजगी खिडकीत उघडून पाहिल्या. ४० पैकी १७ ठिकाणी लॉगिन मागितलं जातंय. पहिल्या आठवड्यातल्या ड्राइव्हवरच्या फाइली `Restricted` राहिल्या होत्या. नंतर `Anyone with the link` करायला लागले, जुन्या बदलायच्या राहून गेल्या. परवानगी मागणाऱ्या ५ मेलही सापडल्या. मी कधी न पाहणाऱ्या खात्यात पडून होत्या. त्या पाचजणांना खरंच पाहायचं होतं.

त्या पाचांना आज नवा मजकूर आणि नवा व्हिडिओ पाठवते आहे, उशिराबद्दल क्षमा मागून. उरलेल्या १२ जणांना लिहू का? की एवढ्या दिवसांनी दुसरी मेल म्हणजे त्रास?

सदाफुली

लिही. एकदाच. "आधीची लिंक उघडत नव्हती" हे पहिल्या ओळीत असू दे आणि दोष मजकुरातच सांग. मला अशी मेल आवडेल.

टपालवाला

लिही, पण १२ जणांना एकाच दमात नको. आणि या वेळी लिंक मागितल्यावरच दे, निदान निम्म्यांना. मग इथे येऊन सांग.

अबोली

आणि लिंक किती दिवस जिवंत ठेवणार तेही मेलमध्ये लिही. आमच्या संस्थेत अशी एक मेल दुरुस्ती करणाऱ्यापर्यंत पोहोचायला सात आठवडे लागले होते, आणि तोवर व्हिडिओ पुसला गेला होता.

कीबोर्डवाली

सहा महिने ठेवते, तसं लिहिते. पाचही मेल आत्ता गेल्या. बारापैकी सहाजणांना उद्या लिंकसकट, सहाजणांना परवा लिंकशिवाय.

रानजाई

वाचनखूण साठवली. तीन आठवड्यांनी धागा वर काढेन.